पहिला चहा कोणाच्या ओटीवर?

माझी एक विद्यार्थिनी पीएचडीचा आराखडा घेऊन आली. विषय छान होता: संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावातलं ग्रामदेवतेचं देऊळ, त्याचा कारभार आणि शिमग्याची पालखी. चौदा पानं, बासष्ट प्रश्नांची यादी, चाळीस मुलाखतींचं उद्दिष्ट आणि शेवटी सहीसाठी जागा सोडलेला संमतीचा छापील अर्ज. मी पानं चाळली आणि विचारलं, "उतरणार कुठे?"

"देवस्थानच्या अध्यक्षांकडे, मॅडम. त्यांनीच बोलावलंय. माडीवरची खोली देतायत, जेवणाचंही तिथेच."

मी अर्जाचं पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सांगितलं, की त्या घरात राहिल्यावर गावातली कोणती घरं तुझ्याशी बोलणार नाहीत. तिला उत्तर देता आलं नाही. तिला ते गाव अजून माहीतच नव्हतं, त्यामुळे त्यात तिची चूक नव्हती. पण बासष्टही प्रश्नांच्या आधीचा प्रश्न तो होता.

हे मी शहाणपणानं नाही, ठेच लागून शिकले. माझ्या पहिल्या फील्डवर्कला मी अशाच एका मोठ्या घरात उतरले होते. चार महिने वह्या भरल्या. माझ्या मते काम झकास चाललं होतं, कारण कोणाकडेही जा, लोक तेच सांगत होते. देवाची कथा तीच, मानाचा क्रम तोच, "आमच्याकडे भांडण नाही" हे वाक्यही तेच. परतायच्या आठवड्यात खालच्या वाडीतली एक म्हातारी मला म्हणाली, "बाय, तू त्यांच्याकडची ना? मग आणि काय सांगायचं तुला?" सगळीकडून सारखंच ऐकू येणं ही माहिती पक्की असल्याची खूण मी समजत होते. खरं तर दार चुकल्याची ती खूण होती.

हे मोठमोठ्यांचंही झालेलं आहे. एम. एन. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरजवळच्या एका गावात जवळपास वर्षभर राहिले. पुस्तकात त्यांनी गावाला रामपुरा हे नाव दिलं. त्यांचा मुक्काम गावच्या पाटलाच्या मालकीच्या, बैल बांधायच्या घरात होता. आपल्याला गाव दिसलं ते वरच्या जातीतल्या हिंदूंच्या बाजूनं, दलित आणि मुसलमान घरांत आपण तितके पोचलो नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. कबुलीमुळे पुस्तकाची किंमत वाढली, पण न पाहिलेलं काही त्यामुळे पुस्तकात आलं नाही.

अशा अभ्यासाला इंग्रजीतून आलेला शब्द एथ्नोग्राफी. लोकांमध्ये बराच काळ राहून, त्यांच्या रोजच्या व्यवहारात सामील होत, त्यांना त्यांचं जग कसं दिसतं ते समजून घ्यायचं आणि लिहायचं. सर्वेक्षणासारखं दारोदार अर्ज भरून घेणं यात नसतं, पत्रकारासारखं चार दिवसांत परतणंही नसतं. देवळाचा अभ्यास करायचा तर निदान एक पूर्ण वर्ष लागतं, कारण देवाचं वर्ष वर्षानंच पुरं होतं. शिमग्याला भरलेलं देऊळ श्रावणात कसं दिसतं, पावसात छप्पर गळतं तेव्हा खर्च कोण करतं, नवरात्रात दिव्याचं तेल कोणाच्या घरून येतं, हे न बघता शिमग्याचं वर्णन केलं तर ते पर्यटकाचं वर्णन होतं.

आता देवळाचा "समाज" म्हणजे नक्की कोण? आराखड्यात तिनं लिहिलं होतं, "ग्रामस्थ". कोकणातल्या देवळाच्या बाबतीत हा शब्द फार काही लपवतो. देवळात रोजची पूजा गुरवाची. कारभार गावकीचा, म्हणजे वाड्यावाड्यांच्या प्रमुखांचा. मानकऱ्यांची घरं ठरलेली, आणि पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीवर पहिला घाव कोणाचा, नारळ आधी कोणाचा, हा क्रमही ठरलेला. त्यावर कागदोपत्री विश्वस्त मंडळ, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं. हे मंडळ आणि गावकी यांतली माणसं बऱ्याचदा तीच असतात आणि कधीकधी एकमेकांच्या विरोधात कोर्टात उभी असतात. शिवाय मुंबई मंडळ: लालबाग, भांडुप, विरारला राहणारे चाकरमानी. नव्या सभामंडपाचे पैसे बहुधा त्यांचे, आणि आवाजही त्या मानानं मोठा. सासरी गेलेल्या लेकी शिमग्याला माहेरी येतात, त्या देवळाच्या समाजात धरायच्या की नाही? आणि बौद्धवाडी? 1956 च्या धर्मांतरानंतर कोकणात अनेक ठिकाणी तिथल्या लोकांनी देवळातली परंपरेची कामं सोडली. ती वाडी देवळाचा भाग नाही असं म्हणून तिला अभ्यासातून वगळलं, तर त्या नकाराचा इतिहासही वगळला जातो. तिला अभ्यासात घेतलं, तर ज्यांनी विचार करून देवळाशी संबंध तोडला त्यांना आपण पुन्हा देवळाच्या हिशेबात ओढतो. माझं मत असं, की त्यांच्याकडे जावं. पण "देवळाच्या समाजाचा घटक" म्हणून नाही, या गावच्या इतिहासाचे साक्षीदार म्हणून जावं, आणि तसं सांगून जावं.

आम्ही आराखडा तीन आठवडे मोडला आणि बांधला. प्रश्न एकच ठेवला: पालखीच्या मानाचा क्रम दरवर्षी कसा ठरतो, आणि तो मोडतो तेव्हा काय होतं? एवढ्यावर वर्ष पुरतं. फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाकपंचमीला, शिमगा सुरू होतो. काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे, काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे. देवाची रूपं पालखीत बसतात, पालखी सहाणेवर येते, नाचते, आणि मग घरोघर निघते. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पुढे असतं आणि कोणीतरी मागे, आणि मागे असलेल्याला ते लक्षात असतं. शंका आली तर गुरव कौल लावतो. देवाला फुलं किंवा तांदूळ लावायचे आणि आधी उजवीकडचं पडतं की डावीकडचं ते पाहायचं. माझ्या विद्यार्थिनीनं काय पाहायचं? कौल कोणत्या बाजूनं पडला हे सगळेच बघतात. तिनं बघायचं ते असं, की प्रश्न कोणी मांडला, कोणत्या शब्दांत मांडला आणि कौल मनासारखा नाही आला तेव्हा "परत लाव" म्हणायची ताकद कोणाकडे होती.

मुक्कामाचं असं ठरलं, की अध्यक्षांचे आभार मानून त्यांना नाही म्हणायचं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाहेरगावच्या शिक्षिकेबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचं. त्या शिक्षिकेची गावात भावकी नव्हती, हे महत्त्वाचं. खोलीमालक कोण तेही पाहिलं. जेवण एका घरी नाही. स्वतः करायचं, आणि बोलावतील तिथे जायचं. पहिल्या महिन्यात प्रत्येक वाडीत निदान एकदा तरी चहा झालाच पाहिजे, आणि तो कोणत्या क्रमानं झाला हे वहीत लिहायचं. कारण गाव तो क्रम लिहून ठेवतंच, फक्त कागदावर नाही.

संमतीचा मामला इथूनच सुरू होतो. आपल्याकडे समजूत अशी, की संमती म्हणजे सही. विद्यापीठाच्या नैतिकता समितीलाही सही आवडते, फाइलला लावता येते. पण कोकणात सही म्हणजे सातबारा, वाटणीपत्र, कोर्ट. देवस्थानच्या जमिनीवरून तंटे चालू असलेल्या गावात अनोळखी मुलगी कागद पुढे करून "इथे सही करा" म्हणाली, की दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस पाठ फिरवतो, नाहीतर भिडेखातर सही करतो आणि मग बोलताना जपून बोलतो. आणखी एक गोष्ट अनुभवानं कळते. ज्या अभ्यासात कोणाचंही नाव यायचं नाही, त्यात सह्यांचे अर्ज हाच एक कागद असतो, जो नावानिशी सांगतो कोण कोण बोललं. लोकांच्या संरक्षणासाठी म्हणून केलेला कागदच त्यांना उघडं पाडू शकतो. म्हणून आम्ही समितीकडे तोंडी संमतीची परवानगी मागितली, कारणं लिहून. दोन बैठका गेल्या, परवानगी मिळाली.

तोंडी म्हणजे हलकी नव्हे. काय बोलायचं ते तिनं शब्दशः लिहून काढलं आणि माझ्यासमोर दहा वेळा म्हणून दाखवलं. साधारण असं: मी अमुक विद्यापीठात शिकते, तुमच्या देवळाचा मान कसा ठरतो हे समजून त्यावर प्रबंध लिहिणार आहे. मी सरकारी नाही, ट्रस्टची नाही, पेपरवाली नाही. बोललात म्हणून पैसे मिळणार नाहीत, नाही बोललात म्हणून काही अडणार नाही. मधेच "पुरे" म्हणालात तर मी थांबेन, आणि प्रबंध जमा होईपर्यंत तुम्ही सांगितलेलं काढून टाकायलाही सांगू शकता. नाव लिहिणार नाही, पण गाव लहान आहे, गावातल्यांना कदाचित ओळखू याल. कोर्टानं माझी वही मागितली तर ती मला अडवून धरता येणार नाही.

शेवटची दोन वाक्यं तिला नको होती. "असं सांगितलं तर कोण बोलेल, मॅडम?" पण ती खरी आहेत. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपला पुराव्याचा कायदा संरक्षण देतो, संशोधकाच्या वहीला देत नाही. आणखी एक वाक्य मी घालायला लावलं: एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते मला पोलिसांना कळवावंच लागेल. पोक्सो कायद्यानं ते प्रत्येकाचं कर्तव्य आहे आणि न कळवणं हा गुन्हा. म्हणजे "तुम्ही काहीही सांगा, माझ्यापाशी राहील" हे वचन संशोधकाला देताच येत नाही. जे पाळता येणार नाही ते बोलायचं नाही. सगळं सांगून झाल्यावर समोरच्याला विचारायचं, "मी काय करायला आलेय, तुम्हीच सांगा बरं." एका काकांनी उत्तर दिलं, "तू देवस्थानला सरकारकडून पैसे मिळवून देणार." म्हणजे संमती झालेली नाही. पुन्हा पहिल्यापासून.

परवानगी कोणाची घ्यायची, याचे थर असतात. आधी गावकीच्या बैठकीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, कारण त्याशिवाय देवळाच्या आवारात वही उघडणं उद्धटपणाचं. गावकीनं हो म्हटलं की घर, आणि घरानं हो म्हटलं की माणूस. गडबड नेमकी इथे होते. वाडीप्रमुख म्हणतो, "जा गो, कोण नाय म्हणणार नाय," आणि खरंच कोणी नाही म्हणत नाही, कारण प्रमुखानं हो म्हटल्यावर नाही म्हणायची सोयच उरलेली नसते. गावकीच्या होकारानं फक्त वाडीत शिरता येतं. घराच्या पडवीत तो होकार संपतो.

आणि कोकणी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "या की, चाकरमानी आले की बोलू." "आज जरा गडबड आहे." "आमच्या ह्यांना विचारा." आम्ही नियम केला: अशी टाळाटाळ तीनदा झाली की तो नकार समजायचा, चौथ्यांदा जायचं नाही, रस्त्यात भेटलं तर हसून पुढे जायचं. विद्यार्थिनीच्या बारा घरांच्या यादीतली तीन घरं यामुळे गेली. त्यातलं एक घर मानकऱ्यांचं होतं, म्हणजे तिच्या विषयाच्या ऐन गाभ्यातलं. तिला फार लागलं. मी तिला म्हटलं, एका मानकऱ्याच्या घरानं बोलायचं नाकारलं, एवढंच लिही. का नाकारलं याचे अंदाज बांधत बसू नको.

नंतर काहीशी वेगळी अडचण आली. शिमग्याच्या तयारीत मुंबई मंडळानं तिला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. कौतुकानं घेतलं, फोटो टाकायला. तिथे वर्गणी, बॅनरवर कोणाचा फोटो, पहिल्या मानावरचे टोमणे, सगळं रोज वाहत होतं. तिच्या विषयाची खाणच. दीडशे माणसं तिथे बोलत होती, त्यांतल्या बहुतेकांना ती कोण हे ठाऊक नव्हतं, आणि दीडशे जणांची परवानगी कशी घेणार? ॲडमिननं आत घेतलं म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं असं नाही. तिनं ग्रुपवर एकदा स्वतःची ओळख लिहिली, त्यावर चार अंगठे आले. आम्ही ठरवलं, ग्रुपवरचं वाचायचं, पण उद्धृत करायचं नाही. तिथे काही महत्त्वाचं दिसलं तर त्या माणसाला भेटून पुन्हा विचारायचं, आणि तो तोंडानं जे सांगेल तेवढंच वापरायचं. काहींना हे फाजील वाटेल. मला अजूनही वाटत नाही.

मग वहीचं काम. देवळात बसून भराभर लिहायचं नाही. ते पोलिसासारखं दिसतं. खिशातल्या छोट्या वहीत दोन-चार शब्द टिपायचे आणि त्याच रात्री, झोपायच्या आत, ते पूर्ण लिहून काढायचे. एका तासाच्या निरीक्षणाला दोन-तीन तास लिहिणं लागतं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की संवाद पुसट होतात आणि आपण ते आपल्या भाषेत भरून काढतो. पाहिलेलं, ऐकलेलं आणि मला वाटलेलं, या तिन्ही गोष्टी वेगळ्या दिसतील अशा लिहायच्या. नावांच्या जागी खुणा आणि खुणांची किल्ली दुसऱ्या वहीत, तीही गावात ठेवायची नाही.

बोलता बोलता माणूस थबकतो आणि म्हणतो, "हे लिहू नको हां." हे शब्द प्रत्येक फील्डवर्कमध्ये येतात. वही मिटायची, हे सगळेच करतात. पण रात्री खोलीवर ते लिहायचं का? माझा नियम कडक आहे: लिहायचं नाही. "लिहू नको" म्हणणाऱ्यानं कोणती वही ते सांगितलेलं नसतं. कळलेली गोष्ट मनातून पुसता येत नाही, पुढचे प्रश्न आपण तिच्या उजेडातच विचारतो, हे खरं. तेवढी अप्रामाणिकता या कामात शिल्लक राहतेच.

तिच्या गावात "लिहू नको" म्हणून जे सांगितलं गेलं, त्याचा अंदाज कोकण माहीत असलेल्याला येईल. एका घराशी गाव काही वर्षं बोलत नव्हतं. पालखी त्या अंगणात थांबत नव्हती. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, 2017 पासून लागू; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पालखीच्या वाटेचा नकाशा हा तिच्या प्रबंधातला साधा, देखणा नकाशा राहिला नव्हता. कोणत्या अंगणात पालखी थांबली आणि कोणत्या नाही, हे तारखेनिशी दाखवणारा तो कागद होता, आणि तो वापरला गेला असता तर ज्यांनी विश्वासानं तिला सोबत चालू दिलं त्यांच्याविरुद्ध. न वापरला, तर वाळीत पडलेल्या घराच्या विरुद्ध. त्या रात्री तिचा फोन आला. मी तिला काय करायचं हे सांगितलं नाही, फक्त त्या घरी जायला सांगितलं. ती दोन दिवस जाऊन नुसती बसली. तिसऱ्या दिवशी त्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, की त्यांना तक्रार करायची नाही. मुलाचं लग्न ठरतंय, मिटत आलंय, तू मधे पडू नको. मग नकाशा प्रबंधात घ्यायचा नाही असं ठरलं. त्या वहिनींनी उलट सांगितलं असतं, तर तक्रार त्यांनी करायची आणि तिनं त्यांना कुठे जायचं ते दाखवायचं, एवढी तयारी आम्ही ठेवली होती. कोणाच्या वतीनं संशोधकानं लढायचं हे संशोधकानं ठरवू नये, असं माझं मत आहे. माझ्याच विभागातले दोघे सहकारी यावर माझ्याशी भांडतात आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही.

तिला आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागली होती, जी पुरुष संशोधकांच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. पाळीच्या दिवसांत देवळात जायचं की नाही? गावात विचारणारं कोणीतरी असतंच, आडून का होईना. तिचा स्वतःचा या नियमावर विश्वास नाही. खोटं बोलून गेलं आणि कळलं, तर पुढच्या सगळ्या कामावर पाणी. नियम मोडून उघडपणे गेलं, तर ती देवळाचा अभ्यास करायला आलेली राहत नाही, देवळाशी वाद घालायला आलेली होते. तिनं त्या दिवसांत आवाराबाहेर बसायचं ठरवलं, आणि बाहेर बसल्यावर तिथे आधीच बसलेल्या बायका तिला भेटल्या. पालखी घरी आल्यावर ओटी कोण भरतं, कोणाला भरू देत नाहीत, यातलं बरंचसं तिला तिथे कळलं. हा काही त्या नियमाचा गौरव नव्हे. असं झालं, एवढंच.

संचार हा आणखी नाजूक भाग. पालखी नाचताना एखाद्याच्या अंगात येतं. सगळं गाव मोबाइलवर चित्रण करतं, मग आपण का नाही? त्या माणसानं त्या क्षणी हो म्हटलेलं नसतं आणि म्हणूही शकत नसतो. तिनं व्हिडिओ घेतला नाही. चार दिवसांनी त्याला भेटून विचारलं, त्या वेळचं मी जे पाहिलं ते लिहू का. तो म्हणाला, "मला आठवत नाही, बायकोला विचार." बायको म्हणाली, लिही, पण त्याला कामावर कळता कामा नये. तो मुंबईत एका कंपनीत सुरक्षारक्षक होता. मग प्रबंधात त्याचा व्यवसाय आणि वय बदललं.

नाव बदलून माणूस लपतो का? गावात गुरव एकच. नॅन्सी शेपर-ह्यूजेस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आयर्लंडमधल्या एका लहान गावावर 1979 साली पुस्तक लिहिलं. गावाचं नाव बदललं, पुस्तकाला पारितोषिक मिळालं. गावाचा पत्ता पत्रकारांनी लवकरच लावला आणि गावातल्यांनी तर प्रत्येक पान ओळखलं. चर्च, कुटुंबं, अविवाहित राहिलेले शेतकरी, मानसिक आजार, सगळं त्यात होतं. वीस वर्षांनी, 1999 मध्ये, त्या परत गेल्या तेव्हा गावानं त्यांना निघून जायला सांगितलं. पुढे त्यांनी स्वतः त्यावर लिहिलं. टोपणनाव बाहेरच्या वाचकापासून लपवतं, आणि इजा बहुतेक वेळा शेजाऱ्याकडून होते. म्हणून नुसतं नाव बदलून भागत नाही. दोघांचं एक माणूस करावं लागतं, किंवा प्रसंगाचं वर्ष सांगायचं नाही, किंवा एखादं सुंदर उदाहरण टाकून द्यावं लागतं. या लेखातही मी असे बदल केलेले आहेत.

मशीद किंवा चर्च असतं तर काय बदललं असतं? दारं बदलली असती. कोकणातल्या मशिदीचा कारभार जमातीचा असतो. इमाम बऱ्याचदा पगारावर बाहेरून आलेला, त्यामुळे त्याचा होकार म्हणजे जमातीचा होकार नव्हे, आणि जमातीनं हरकत घेतली तर नोकरी जाते ती त्याची. शिवाय आजच्या हवेत मशिदीत वही घेऊन बसलेला अनोळखी माणूस खबऱ्या वाटतो, आणि तसं वाटण्याला कारणं आहेत. तिथे आधी काही महिने वहीच न काढणं शहाणपणाचं. वसईच्या एखाद्या पॅरिशमध्ये उलटी अडचण. तिथे धर्मगुरूंची परवानगी मिळणं सोपं, नोंदवह्या व्यवस्थित, पण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ज्यांची माहिती आहे ती माणसं तुमच्याशी बोललेलीच नसतात. धर्मगुरू काही वर्षांनी बदलतात, आणि नव्या फादरनी जुन्यांचा शब्द पाळावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

प्रबंध जमा करायच्या आधी ती गावात परतली. ज्यांचे शब्द वापरले त्यांना प्रत्येकाला वेगळं, त्यांच्या घरी, त्यांच्यापुरता मजकूर वाचून दाखवला. इंग्रजीतून नाही, मराठीतून. तिघांनी काही ओळी काढायला सांगितल्या, तिनं काढल्या. त्यातली एक ओळ प्रबंधातली सगळ्यात चांगली होती असं मला वाटतं. मग सभामंडपात सगळ्यांसमोर वाचन झालं, वैयक्तिक काही न घेता. हा क्रम उलटा करायचा नाही. आधी सगळ्यांसमोर वाचलं असतं तर घरी जाऊन विचारण्यात काही अर्थ उरला नसता. वाचन संपल्यावर अध्यक्ष उठले. माडीवरची खोली नाकारल्याचा राग त्यांनी दीड वर्ष धरला होता. ते म्हणाले, सगळं बरोबर आहे, पण गावाचं नाव का बदललं? आमच्या देवाला नाव आहे. बरेच जण हो म्हणाले. मतं घेतली असती तर गावाचं नाव छापावं लागलं असतं. बाहेर पायरीवर बसलेल्या बायकांतली एकही काही बोलली नाही, आणि ती त्या न बोलण्याच्या बाजूनं राहिली. नाव बदललेलंच आहे.

येत्या शिमग्यात तुमच्या गावात, किंवा उरुसाला, फेस्ताला, कोणी वही घेऊन आलं, तर चहा जरूर द्या. देताना विचारा, उतरलीस कोणाकडे, वही कोण कोण वाचणार, आणि पुढच्या वर्षी मी "ते काढून टाक" म्हटलं तर कसं काढशील. उत्तर अडखळत आलं तर हवापाण्याच्या गप्पा मारा.